क्वालिटी इंजिनिअरचा सीव्ही आणि चाळणी लावणारे आपण बिगर-इंजिनिअर

चाकण, भोसरी, रांजणगाव किंवा वाळूजच्या एखाद्या ऑटो-कंपोनंट कंपनीत तुम्ही एचआरला नुकतेच रुजू झाला असाल, तर क्वालिटी विभागाच्या जागा तुमच्या टेबलावर यायला वेळ लागणार नाही. क्वालिटीची माणसं सतत कंपनी बदलतात आणि त्यांच्या सीव्हीत निम्मी जागा आद्याक्षरांनी भरलेली असते. पीपॅप, एपीक्यूपी, एफएमईए, एमएसए, एसपीसी, एट-डी. तुमचं शिक्षण कॉमर्सचं किंवा आर्ट्सचं, वर एमबीए. अशा वेळी दोन गोष्टी घडतात. एक तर शब्द जुळवून सगळेच सीव्ही पुढे पाठवले जातात आणि विभागप्रमुख वैतागतो, किंवा जॉब डिस्क्रिप्शनमधला नेमका शब्द नाही म्हणून चांगला माणूस बाजूला पडतो. दुसरी गोष्ट जास्त महाग पडते, कारण ती कोणाच्या लक्षातही येत नाही.

माझं शिक्षण एम.कॉम. आणि काम गेली बरीच वर्षं भरतीचं. आजही मला मायक्रोमीटर धरता येत नाही. पण क्वालिटी इंजिनिअरचा सीव्ही वाचता येतो, कारण पहिल्या चाळणीत त्याला विषय किती येतो हे आपल्याला ठरवायचंच नसतं. ते काम विभागाचं. आपण एवढंच बघायचं की सीव्हीतल्या शब्दामागे केलेलं काम दिसतंय का, आणि ते काम आपल्या जागेशी जुळतंय का.

खाली मी एकच जागा आणि एकच सीव्ही घेऊन चालते. जागा सप्लायर क्वालिटी इंजिनिअरची, अनुभव 3 ते 5 वर्षं. कंपनी कोल्हापूरच्या फाउंड्रींकडून मशीनिंग केलेली कास्टिंग विकत घेते आणि या माणसाने तिथे जाऊन त्यांची क्वालिटी सांभाळायची आहे. सीव्ही बऱ्याच खऱ्या सीव्हींमधल्या ओळी जोडून मी तयार केला आहे, पण त्यातली एकही ओळ तुम्हाला अनोळखी वाटणार नाही.

लागणारं सामान

- जॉब डिस्क्रिप्शन. सिस्टिममध्ये पडलेलं जुनं नको, या वेळी विभागाने दिलेलं.
- विभागप्रमुखाची किंवा ज्याच्या हाताखाली माणूस येणार त्याची अर्ध्या तासाची भेट, समोरासमोर.
- विभागात आत्ता त्याच जागेवर चांगलं काम करणाऱ्या कोणाचा तरी, तो कंपनीत आला तेव्हाचा सीव्ही. एचआरच्या फाइलमध्ये असतोच.
- सीव्हीची प्रिंट आणि दोन रंगांची पेनं.
- एक वही किंवा एक्सेल शीट. हिला मी ‘शब्दांची यादी’ म्हणते.

1. सीव्ही उघडण्याआधी विभागप्रमुखाला गाठा

जॉब डिस्क्रिप्शनमध्ये लिहिलेलं असतं : पीपॅप, एट-डी, ऑडिट, उत्तम संवादकौशल्य. न लिहिलेलं पण साहेबांच्या डोक्यात पक्कं असलेलं असतं ते म्हणजे माल कोणता. याला या धंद्यात ‘कमोडिटी’ म्हणतात : कास्टिंग, फोर्जिंग, मशीनिंग, शीट मेटल, प्लास्टिक मोल्डिंग, रबर, वायरिंग हार्नेस. प्लास्टिकमध्ये चार वर्षं काढलेला इंजिनिअर कागदपत्रं तीच करतो, पण फाउंड्रीत उभा राहिला तर दोष कुठून येतोय हे शोधायला त्याला वेळ लागतो. बहुतेक साहेब ‘ते तर उघडच आहे’ म्हणून ही गोष्ट सांगत नाहीत. तुम्ही विचारा.

मी हे चार प्रश्न विचारते. कुठल्या कमोडिटीचा माणूस चालेल आणि कुठल्याचा अजिबात नाही? पहिल्या तीन महिन्यांत तो नेमकं काय करेल? यादीतले कोणते शब्द नसले तरी चालतील? आणि मागच्या वेळी आलेला माणूस का टिकला नाही? आमच्या उदाहरणात या शेवटच्या प्रश्नाला उत्तर मिळालं : दर आठवड्याला कोल्हापूरला जायला तो कंटाळला. हे जॉब डिस्क्रिप्शनमध्ये नव्हतं, आणि उमेदवाराला पहिल्या फोनवर विचारायची हीच सगळ्यात उपयोगी गोष्ट निघाली.

याच भेटीत शब्दांची यादी सुरू करा. प्रत्येक शब्दापुढे तीन रकाने : याचा अर्थ साध्या भाषेत काय, लोक सीव्हीत हेच आणखी कुठल्या शब्दांत लिहितात, आणि हे काम केलं असेल तर हातात कुठला कागद किंवा वस्तू तयार होते. तिसरा रकाना सगळ्यात कामाचा आहे. पीपॅपचंच बघा. नवा पार्ट नियमित पुरवठा सुरू होण्याआधी ग्राहकाकडून मंजूर करून घ्यायचा, त्याची ही फाइल. तिच्यात ड्रॉइंगपासून मोजमापांच्या अहवालापर्यंत 18 गोष्टी असतात आणि शेवटी एक सहीचा कागद असतो, त्याला पार्ट सबमिशन वॉरंट म्हणतात. एवढं कळलं तरी फोनवर विचारायला तुमच्याकडे प्रश्न तयार झाला.

दुसऱ्या रकान्यामुळे चांगला माणूस निसटत नाही. लहान कंपन्यांत लोक पीपॅप न लिहिता ‘सॅम्पल अप्रूव्हल’, ‘सॅम्पल सबमिशन’ किंवा ‘न्यू पार्ट डेव्हलपमेंट’ लिहितात. आणि आमची ‘सप्लायर क्वालिटी’ दुसरीकडे ‘व्हेंडर डेव्हलपमेंट’ असते, तर कुठे नुसतं ‘एसक्यूए’. जॉब पोर्टलवर शोधताना म्हणून एकच शब्द टाकू नका :

```
("PPAP" OR "sample submission" OR "new part development")
AND (casting OR foundry)
```

2. पहिल्या वाचनात ‘की स्किल्स’चा चौकोन झाका

अगदी हाताने किंवा कागदाने झाका. आमच्या उमेदवाराच्या सीव्हीत वरच्या चौकोनात चौदा आद्याक्षरं होती, शिवाय कायझेन, फाइव्ह-एस, लीन आणि सिक्स सिग्मा. हा चौकोन लोक पोर्टलच्या सर्चमध्ये वर यावं म्हणून भरतात, त्यात त्यांची चूक नाही. आपणच त्यांना तशी सवय लावली आहे. पण त्यावरून काहीही ठरवता येत नाही.

आता खाली, कंपनीच्या नावाखाली लिहिलेल्या कामाच्या ओळी वाचा आणि चौकोनातला कुठला शब्द तिथे पुन्हा येतो ते एका रंगाने अधोरेखित करा. चौकोनात आहे पण कुठल्याही नोकरीखाली नाही, असा शब्द गाळल्यासारखा धरा. आमच्या सीव्हीत चौदापैकी पाच शब्द खाली आले : पीपॅप, एमएसए, एसपीसी, एट-डी आणि एफएमईए. जागेला लागणारे बहुतेक शब्द त्यात होते, त्यामुळे हा सीव्ही इथेच थांबला नाही.

3. क्रियापदं शोधा

दुसऱ्या रंगाचं पेन आता घ्या. सीव्हीतलं इंग्रजी कितीही जड असलं तरी क्रियापदं मोजकीच असतात आणि ती आपल्यालाही कळतात. ‘एक्स्पोजर टू’, ‘नॉलेज ऑफ’, ‘वेल व्हर्स्ड विथ’ म्हणजे त्याने ते पाहिलं किंवा वर्गात शिकलं. ‘असिस्टेड’, ‘पार्टिसिपेटेड’, ‘सपोर्टेड’ म्हणजे टीममध्ये होता. ‘प्रिपेअर्ड’, ‘कंडक्टेड’, ‘सबमिटेड’ म्हणजे त्याच्या हातून झालं, असं त्याचं म्हणणं आहे. ‘लेड’ आणि ‘हेडेड’ यांच्याकडे मात्र अनुभवाचं वर्ष बघून पाहायचं. पहिल्याच वर्षी, ट्रेनी असताना ‘लेड’ असेल तर फोनवर विचारण्याच्या यादीत घाला. लगेच खोटं ठरवू नका, लहान कारखान्यात ट्रेनीवर खरंच सगळं पडतं.

सगळ्यात फसवा शब्द ‘रिस्पॉन्सिबल फॉर’. तो जॉब डिस्क्रिप्शनमधून जसाच्या तसा उचललेला असतो आणि त्यातून काम झालं की नाही हे कळतच नाही. आमच्या उमेदवाराने लिहिलं होतं : ‘नव्या पार्टच्या लेव्हल 3 पीपॅप सबमिशनसाठी रिस्पॉन्सिबल’. लेव्हल 3 ऐकून दबून जाऊ नका. पीपॅपच्या पाच लेव्हल असतात आणि ग्राहकाने वेगळं काही सांगितलं नसेल तर तिसरीच धरली जाते. ती कौशल्याची पायरी नाही, ग्राहकाकडे किती कागद पाठवायचे एवढंच त्यावरून ठरतं. म्हणजे या ओळीत नेहमीचंच काम लिहिलेलं आहे. ते चांगलं की साधं हे अजून कळलेलं नाही.

4. आकडे वाचा : आधी दिशा, मग पाया

बाहेरच्या माणसाला सगळ्यात जास्त धरून राहता येतं ते इथेच. आकड्यामागचं शास्त्र माहीत नसलं तरी तो आकडा खाली जायला हवा की वर, एवढं माहीत असलं की पुष्कळ कळतं. यादीत वेगळं पान करून लिहून ठेवा.

खाली जायला हवेत : पीपीएम म्हणजे दर दहा लाख नगांमागे खराब किती, रिजेक्शन, रीवर्क, ग्राहकाच्या तक्रारी आणि गेज आर अँड आर. वर जायला हवेत : सीपीके, ओईई म्हणजे मशीनचा किती प्रत्यक्ष उपयोग झाला, आणि पहिल्याच फटक्यात पास होणाऱ्या नगांचं प्रमाण.

यातले दोन थोडे समजून घ्या. सीपीके सांगतो की ड्रॉइंगवर दिलेल्या मर्यादेत प्रोसेस किती आरामात बसते. 1 म्हणजे कडेला टेकलेली. ग्राहक साधारण 1.33 मागतात आणि नव्या पार्टच्या सुरुवातीच्या अभ्यासात त्याच धर्तीचा आकडा 1.67 च्या वर मागितला जातो. गेज आर अँड आर सांगतो की मोजमापात जो फरक दिसतो त्यातला किती भाग मोजण्याच्या साधनामुळे आणि मोजणाऱ्यामुळे येतो. 10 टक्क्यांच्या आत चांगला, 10 ते 30 मध्ये कामाप्रमाणे चालवून घेतात, 30 च्या वर साधन किंवा पद्धत बदलावी लागते.

आता आमच्या सीव्हीतल्या तीन ओळी.

पहिली : ‘बोअर डायमीटरचा सीपीके 0.92 वरून 1.45, टूल बदलण्याची वारंवारता वाढवून.’ दिशा बरोबर. आधीचा आकडा आहे, नंतरचा आहे, कुठलं माप ते आहे आणि कशाने झालं तेही आहे. ही ओळ तुम्हाला तांत्रिकदृष्ट्या तपासता येत नाही, पण लिहिणारा ते काम होताना तिथे होता असं वाटायला ती पुरेशी आहे. अशा ओळीला मी खूण करते आणि विभागाला पाठवताना तीच वर काढते.

दुसरी : ‘एमएसए कंडक्ट केला, गेज आर अँड आर 34 वरून 12 टक्के.’ एमएसए म्हणजे मोजण्याची साधनं आणि पद्धत यांचा अभ्यास. दिशा बरोबर. आकडे आपल्या पानावरच्या मर्यादांशी जुळतात : नापासमधून मधल्या पट्ट्यात आला. सगळं 2 टक्क्यांवर आणलं असं लिहिलेलं असतं तर मीच जास्त दचकले असते.

तिसरी : ‘ग्राहकाच्या तक्रारी 60 टक्क्यांनी कमी केल्या.’ दिशा बरोबर, पण पाया नाही. पाचाच्या दोन झाल्या तरी 60 टक्के आणि पन्नासाच्या वीस झाल्या तरी 60 टक्केच. शिवाय तक्रारी एका माणसाने कमी होत नाहीत, त्यात उत्पादन विभाग असतो, सप्लायर असतो. ही ओळ खोटी आहे असं नाही, फक्त अजून रिकामी आहे. फोनवरचा प्रश्न : किती होत्या, किती झाल्या, आणि त्यातली कुठली एक तुम्ही स्वतः बंद केली?

पीपीएमच्या बाबतीत हिशेब करून बघायची सवय ठेवा. 48,000 नग पाठवले आणि 12 परत आले तर 250 पीपीएम. अडीच टक्के रिजेक्शन म्हणजे 25,000 पीपीएम. सीव्हीत ‘पीपीएम 25,000 वरून 8,000’ असं दिसलं तर तो आकडा बहुधा कारखान्याच्या आतल्या रिजेक्शनचा असतो. ग्राहकाकडे दर शंभरात अडीच नग खराब जात राहिले तर धंदा टिकणं कठीण. दोन्ही कामं खरी आहेत, पण सप्लायर क्वालिटीच्या जागेसाठी कुठला आकडा कशाचा आहे हे विचारून घ्यावं लागतं.

5. तारखा आणि पाट्या जुळवा

धंद्यात नियमांची नावं बदलतात आणि सीव्हीत ती तारखांशी जुळायला हवीत. ऑटो क्षेत्राचं आजचं मानक आयएटीएफ 16949 हे ऑक्टोबर 2016 मध्ये आलं. त्याआधी आयएसओ/टीएस 16949 होतं आणि त्याची प्रमाणपत्रं सप्टेंबर 2018 नंतर चालेनाशी झाली. त्यामुळे जुन्या माणसाने 2012 च्या नोकरीखाली ‘टीएस 16949’ लिहिलं असेल तर तो मागासलेला नाही, अचूक आहे. उलट त्याच वर्षाखाली ‘आयएटीएफ’ दिसलं तर सीव्ही नंतर सरसकट बदललेला आहे. त्यात बहुधा लबाडी नसते, आळस असतो. पण बाकीच्या ओळी मग थोड्या सावधपणे वाचाव्यात.

एफएमईए म्हणजे दोष कुठे आणि कसा येऊ शकतो याचा आधीच केलेला अभ्यास, त्याचंही तसंच. जुन्या पद्धतीत दोषाची तीव्रता, तो किती वेळा घडतो आणि तो पकडण्याची शक्यता, यांना प्रत्येकी 1 ते 10 गुण देऊन गुणाकार करायचे, त्याला आरपीएन म्हणतात. 2019 च्या नव्या हँडबुकने त्याऐवजी ‘ॲक्शन प्रायॉरिटी’ आणली. पण कित्येक कारखान्यांत आजही आरपीएनच चालतो, म्हणून सीव्हीत आरपीएन दिसला की कोणाला बाद करू नका. विभागाला विचारा, आपल्याकडे काय चालतं.

सिक्स सिग्मा ग्रीन बेल्ट दिसला की लोक प्रभावित होतात. हा बेल्ट देणारी एकच मान्य संस्था नाही. कुठे दोन दिवसांच्या वर्गानंतर मिळतो, कुठे परीक्षा आणि प्रत्यक्ष प्रोजेक्ट केल्यावर. प्रोजेक्टचं नाव विचारा, बाकी सोडून द्या.

आता सगळ्यात मोठा खड्डा, आणि तो शब्दांचा नाही. आमच्या उमेदवाराच्या पहिल्या नोकरीत एका नामांकित कार कंपनीचं नाव ठळक होतं, खाली बारीक अक्षरात ‘रेसिडेंट इंजिनिअर’. रेसिडेंट इंजिनिअर म्हणजे सप्लायरने ग्राहकाच्या प्लांटमध्ये बसवलेला माणूस. लाइनवर आपला माल खराब निघाला की तो वेगळा काढायचा, बदलून द्यायचा, तक्रार आपल्या कंपनीत कळवायची. तो रोज त्या मोठ्या कंपनीत जातो, तिथलंच कँटीन, पण पगार सप्लायरचा, आणि काही वेळा सप्लायरचाही नसतो, मॅनपॉवर कॉन्ट्रॅक्टरचा असतो. हे काम हलकं नाही. लाइन थांबली की शिव्या खायला पहिला तोच असतो आणि ग्राहक कशाने चिडतो हे त्याला पुरेपूर माहीत असतं. पण पीपॅप बनवणं, गेजचा अभ्यास करणं हे तो सहसा करत नाही. म्हणून त्या दोन वर्षांखाली ‘पीपॅप’ लिहिलेलं असेल तर प्रश्नचिन्ह.

फोनवर ‘तुम्ही त्या कंपनीत नव्हताच ना?’ असं विचारायचं नाही. साधं विचारा : पे-रोल कोणाचं होतं, पीएफ कोण भरायचं? बहुतेक जण सरळ सांगतात. ज्यांनी मोठं नाव ठळक केलेलं असतं तेही सांगतात, कारण ऑफर लेटरच्या वेळी यूएएनमध्ये ते दिसणारच असतं हे त्यांना ठाऊक असतं.

6. दहा मिनिटांचा फोन

‘पीपॅप म्हणजे काय?’ हा प्रश्न विचारू नका. व्याख्या सगळ्यांच्या पाठ असतात, आणि त्याने चुकीची सांगितली तरी आपल्याला कळायची नाही. ज्याचं उत्तर वस्तू, माणूस किंवा आकडा यांत येतं असं विचारा. असं उत्तर सांगतानाच माणूस खऱ्या कामाच्या किती जवळ होता ते ऐकू येतं.

आमच्या उमेदवाराशी झालेलं बोलणं असं :

‘नमस्कार सर, वेळ आहे ना आत्ता बोलायला?’

‘हो मॅडम, शॉपफ्लोअरवर आहे, जरा बाहेर येतो.’

‘शेवटचा पीपॅप कुठल्या पार्टचा केला?’

‘ब्रॅकेटचा मॅडम. ट्रॅक्टरला जातो तो.’

‘त्याची फाइल कोणी बनवली आणि वॉरंटवर सही कोणाची?’

‘सही आमच्या क्वालिटी हेडची. फाइल मी केली, पण एफएमईए इंजिनिअरिंगवाल्यांनी दिला, मी फक्त लावला.’

‘पहिल्या वेळी पास झाला?’

‘नाही, परत आला. त्यांनी दोन मापांचे रीडिंग परत मागितले, आमचं फिक्श्चर हलत होतं.’

इथे मला तांत्रिक काहीच कळलेलं नाही. तरी एवढं कळलं : पार्टचं नाव पटकन आलं, सही कोणाची हे माहीत आहे, जे केलं नाही ते ‘मी फक्त लावला’ म्हणून सांगितलं, आणि फाइल परत आल्याची गोष्ट कारणासकट आहे. सीव्हीत एफएमईए ‘प्रिपेअर्ड’ होतं, ते आता ‘असिस्टेड’वर आलं. मी वहीत तसं लिहिलं, त्याला टोकलं नाही. पीपॅपची फाइल नेहमी पहिल्याच वेळी पास होते असं सांगणाऱ्यापेक्षा हा बरा.

दुसरा प्रश्न कमोडिटीचा, पण आडून : ‘तुमच्याकडे कुठला दोष जास्त यायचा?’ उत्तरातले शब्द जसे ऐकू येतील तसे देवनागरीत लिहून घ्या, अर्थ लागला नाही तरी. नंतर यादीशी जुळवा. ब्लो होल, श्रिंकेज, सँड इन्क्लुजन हे कास्टिंगचे दोष. शॉर्ट शॉट आणि सिंक मार्क प्लास्टिकचे. लॅप आणि अंडरफिल फोर्जिंगचे. रिंकल शीट मेटलचा. सीव्हीत कास्टिंगचा अनुभव आणि बोलण्यात सगळे दोष मशीनिंगचे, म्हणजे चॅटर मार्क, बर, ओव्हरसाइज, असं झालं तर बहुधा त्याच्या कारखान्यात तयार कास्टिंग बाहेरून येत होतं आणि तिथे फक्त मशीनिंग होत होतं. आमचा उमेदवार अगदी असाच निघाला. त्याने ‘ब्लो होल मशीनिंगनंतर उघडे पडायचे, मग फाउंड्रीला डेबिट मारायचो’ असं सांगितलं. म्हणजे फाउंड्रीत त्याने काम केलं नव्हतं, पण फाउंड्रीचा माल तपासून तक्रार करणाऱ्या बाजूला तो होता. सप्लायर क्वालिटीसाठी हे चालतं की नाही हे विभाग ठरवेल. माझं काम ते वाक्य त्यांच्यापर्यंत पोचवणं.

तिसरा प्रश्न एट-डीचा. एट-डी म्हणजे तक्रार आल्यावर आठ टप्प्यांत भरायचा अहवाल : टीम, तक्रारीचं वर्णन, तात्पुरता बंदोबस्त, मूळ कारण, मग कायमचा उपाय आणि पुढचं. विचारा : ‘शेवटची तक्रार कुठली, आणि मूळ कारण काय निघालं?’ उत्तर ‘ऑपरेटरचं दुर्लक्ष, त्याला ट्रेनिंग दिलं’ असं आलं तर ते तसंच लिहून घ्या आणि विभागाला दाखवा. क्वालिटीच्या साहेबांना या उत्तराची चीड असते, कारण ऑपरेटर बदलला की तोच दोष परत येतो. तरी या एका उत्तरावर तुम्ही कोणाला बाद करू नका. कधीकधी उमेदवार एचआरच्या मॅडमला समजेल असं सोपं करून सांगत असतो. मी अशा वेळी म्हणते, ‘साहेबांना सांगाल तसंच सांगा, मी लिहून घेते.’ उत्तर पुष्कळदा बदलतं.

शेवटी न लिहिलेली अट : कोल्हापूरला आठवड्यातून एकदा मुक्कामी जाणं जमेल का? सीटीसी आणि नोटीस पिरियडच्या आधी हे विचारा.

7. विभागाला पाठवताना चार ओळी लिहा

नुसता सीव्ही फॉरवर्ड केला तर साहेब पुन्हा पहिल्यापासून वाचतात, किंवा वाचतच नाहीत. मी वर चार ओळी लिहिते. या उमेदवारासाठी लिहिलेल्या अशा :

> मशीनिंगमधला अनुभव अडीच वर्षं, त्याआधी दोन वर्षं रेसिडेंट इंजिनिअर (पे-रोल सप्लायरचं). फाउंड्रीत प्रत्यक्ष काम नाही. फाउंड्रीकडून आलेला माल तपासून डेबिट करत होता.
> पीपॅप फाइल स्वतः करतो, एफएमईए स्वतः केलेला नाही (फोनवर सांगितलं, सीव्हीत वेगळं आहे).
> सीपीके 0.92 ते 1.45 ची ओळ कृपया तुम्ही विचारून बघा.
> कोल्हापूर प्रवासाला तयार. नोटीस 60 दिवस.

यात ‘चांगला’, ‘स्ट्राँग’, ‘ॲव्हरेज’ असला एकही शब्द नाही. विषयाच्या बाहेर असताना आपलं मत देण्यात अर्थ नसतो, आणि एकदा मत दिलं की साहेब त्यावरच अडून बसतात.

8. नापास केलेल्यांचीही फाइल ठेवा

पुढे पाठवलेल्या सीव्हींवर आपल्याला विभागाकडून कळतं, नापास केलेल्यांवर कधीच नाही. म्हणून प्रत्येक जागेसाठी बाजूला ठेवलेल्यांतले पाच-सहा सीव्ही, शक्यतो काठावरचे, विभागप्रमुखासमोर ठेवा आणि विचारा, ‘यातला एखादा बोलवायला हवा होता का?’ पंधरा मिनिटांचं काम आहे. ते नको म्हणतात तेव्हा मी चहाच्या वेळी गाठते.

याच जागेच्या वेळी बाजूला ठेवलेल्यांत एक डिप्लोमाधारक होता. त्याच्या सीव्हीत आद्याक्षर जवळजवळ नव्हतंच. ओळी अशा : ‘नवीन पार्टचे सॅम्पल तपासून कस्टमरकडून पास करून घेतले. भट्टीवर मेटलचा टेस्ट पीस रोज तपासला. मोल्डिंगची वाळू लॅबमध्ये चेक केली.’ पीपॅप हा शब्द शोधणाऱ्या सर्चमध्ये हा वर येणं शक्यच नव्हतं. साहेबांनी सीव्ही हातात घेतला आणि वाळूच्या ओळीवर बोट ठेवलं : हा फाउंड्रीतला आहे, याला बोलवा. त्या दिवशी यादीत ‘सँड टेस्टिंग’, ‘टेस्ट पीस’ आणि ‘मेल्टिंग’ हे तीन शब्द ‘कास्टिंग’च्या दुसऱ्या रकान्यात गेले, आणि पुढच्या शोधात मी पोर्टलवर तेही टाकले.

अशा भेटींतून यादी वाढत जाते. ती फक्त स्वतःच्या लॅपटॉपवर ठेवू नका. तुम्ही दुसऱ्या प्लांटला गेलात तर तुमच्या जागी येणाराही बहुधा बिगर-इंजिनिअरच असेल. जागेच्या नावाने शेअर्ड फोल्डरमध्ये टाका, आणि वर तारीख घाला, कारण मानकांची नावं पुन्हा बदलतील तेव्हा यादी किती जुनी आहे हे त्यावरूनच कळेल.